मुलांच्या संध्याकाळच्या कपात कोको किती आणि साखर किती

माझा भाऊ साताऱ्याला गोडोलीत राहतो. गेल्या डिसेंबरात चार दिवस त्याच्याकडे होते. रात्री साडेआठला वहिनीने नेहमीप्रमाणे दोन मोठे मग भरले, एक आठ वर्षांच्या भाचीला आणि एक आमच्या आईला. म्हशीचं गरम दूध, त्यात ड्रिंकिंग चॉकलेटचे पोह्याच्या चमच्याने शिगोशिग दोन चमचे, वर थोडी साखर. मी सांगलीत आहारसल्ल्याचं काम करते, त्यामुळे प्रश्न येणारच होता. "ताई, चॉकलेटमधलं ते फ्लॅव्हनॉल रक्तवाहिन्यांना चांगलं ना? म्हणून आईंनाही सुरू केलंय. त्यांचं बीपी आहेच, आणि हिची पण वाढ होतेय."

वहिनीने ऐकलेलं खोटं नव्हतं. पण ते ज्या कोकोबद्दल आहे, तो त्या मगात जवळपास नव्हताच. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर वजनकाटा ठेवला आणि हिशेब केला. तोच इथे क्रमाने मांडते, म्हणजे तुमच्या घरातल्या डब्यावर तुम्हालाही तो करता येईल.

आधी फ्लॅव्हनॉलचं खरं काय ते

कोकोच्या बीमध्ये फ्लॅव्हनॉल नावाचे कडवट, तुरट पदार्थ असतात. त्यातलं एपिकॅटेचिन आतड्यातून रक्तात जातं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या पातळ अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि त्याच्यामुळे वाहिनी सैल होते, रुंदावते. एपिकॅटेचिन या कामाला हातभार लावतं. दंडावर पट्टा आवळून सोडला की हातातली रोहिणी किती रुंदावते, हे सोनोग्राफीने मोजता येतं. भरपूर फ्लॅव्हनॉल असलेला कोको प्यायल्यावर दोनेक तासांत ती जास्त रुंदावते, असं प्रौढांवरच्या अनेक प्रयोगांत दिसलं आहे.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये हे मान्य केलं आणि त्यासाठी रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल हा आकडा ठरवला. हे विधान प्रौढांसाठी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये अशाच दाव्याला परवानगी दिली, पण पुरावा फार मर्यादित आहे असं लिहिण्याच्या अटीवर, आणि तीही फक्त किमान ४ टक्के फ्लॅव्हनॉल टिकवून ठेवलेल्या कोको पावडरसाठी.

परिणाम केवढा, हेही जाणून घ्यायला हवं. २०१७ मध्ये ३५ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात रक्तदाब सरासरी पाऱ्याच्या दोन मिलिमीटरांहूनही थोडा कमीच उतरलेला दिसला. अमेरिकेत २१ हजारांहून जास्त वयस्क माणसांना साडेतीन वर्षांच्या वर रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल किंवा त्यासारखीच दिसणारी नुसती कॅप्सूल देण्यात आली. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या एकूण घटनांत ठामपणे म्हणता येईल असा फरक पडला नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले, पण तो त्या अभ्यासाचा मुख्य प्रश्न नव्हता. आणि त्यांनी कॅप्सूल घेतल्या होत्या. गोड गरम दूध कुणी प्यायलं नव्हतं.

थोडक्यात, मोठ्यांसाठी फायदा आहे, पण छोटा. लहान मुलांच्या कपात रक्तवाहिन्यांचं कारण शोधावं, असं काहीही या अभ्यासांतून निघत नाही. मुलांचा कप साखर, कॅफिन आणि वेळ या तीन गोष्टींवरच जोखायचा.

पहिलं काम: चमचा काट्यावर ठेवा

डब्यावर 'एका सर्व्हिंगला' असं लिहून जे आकडे दिलेले असतात, ते बाजूला ठेवा. तुमच्या घरचा चमचा आणि तुमच्या घरचा हात, यांचंच वजन कामाचं. वाटी काट्यावर ठेवून शून्य करा आणि रोज घालता तशीच पावडर घाला. वहिनीचे दोन शिगोशिग चमचे २४ ग्रॅम भरले. तिला वाटत होतं दहा-बारा ग्रॅम असेल.

मग डब्यामागच्या तक्त्यात १०० ग्रॅमचा रकाना बघा आणि त्यातली 'ॲडेड शुगर' म्हणजे वरून घातलेली साखर शोधा. 'टोटल शुगर' हा आकडा वेगळा असतो. पावडरमध्ये दुधाची भुकटी असली, तर दुधातली नैसर्गिक साखरही त्यात धरलेली असते. दुधातल्या त्या साखरेचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. आपल्याला वरून घातलेली मोजायची आहे.

या डब्यावर १०० ग्रॅममागे ७३ ग्रॅम होती. म्हणजे २४ ग्रॅम पावडरीत साडेसतरा ग्रॅम. वरचा साखरेचा चमचा ५ ग्रॅमचा. एका मगात साडेबावीस ग्रॅम झाली. अमेरिकन हार्ट असोसिएशन २ ते १८ वर्षांच्या मुलांना वरून घातलेली साखर अख्ख्या दिवसात २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. भाचीचा दिवसभराचा कोटा एका मगात संपत आला होता. शाळेच्या डब्यातला गुळांबा, चारचं बिस्किट, रविवारचे कंदी पेढे हे सगळं अजून धरलेलंच नाही.

'माल्ट' लिहिलेल्या पावडरींनाही हाच नियम. त्यांत कोको बहुतेक नावापुरता असतो आणि तपकिरी रंग बराचसा माल्टचा आणि कॅरॅमलचा असतो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, लिक्विड ग्लुकोज ही नावं पहिल्या तीन-चारांत आली, की डब्यात मुख्यतः काय आहे ते कळतं. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या वाणिज्य खात्याने ऑनलाइन दुकानांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितली. घरातल्या फडताळात मात्र ती अजून औषधाच्या शेजारीच असतात.

इथे आमच्या भागातला एक प्रश्न हमखास येतो: साखरेऐवजी गूळ घातला तर? सांगलीच्या बाजारात मी लहानाची मोठी झाले, गुळाची ढेप फोडल्याचा वास मला आजही ओढून नेतो. तरी सांगते, हा हिशेब गुळाने बदलत नाही. गुळातला बहुतेक भाग साखरच असतो. चवीसाठी घालायचा तर तोही चमच्यानेच मोजा, आणि गॅस बंद करून दूध जरा निवल्यावर घाला. उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटतं.

दुसरं काम: कोको साधा आहे की अल्कली लावलेला

सगळ्यांत जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा थांबून सांगते.

कोकोची बी आंबवतात, वाळवतात, भाजतात, दळतात, दाबून तिच्यातलं लोणी काढतात आणि उरलेल्या पेंडीची पावडर करतात. ही झाली साधी कोको पावडर. ती फिकट तांबूस असते, चवीला आंबटसर आणि कडू. नेदरलँड्समधल्या व्हान हाऊटेन घराण्याने एकोणिसाव्या शतकात तिला अल्कली, म्हणजे पोटॅशियम कार्बोनेटसारखा क्षार, लावायची पद्धत आणली. त्याने आंबटपणा जातो, रंग गडद होतो आणि पावडर दुधात नीट मिसळते. पण त्यातच फ्लॅव्हनॉल मोडतात. अमेरिकेत बाजारातल्या पावडरी तपासल्या तेव्हा साध्या पावडरीत ग्रॅममागे सरासरी ३४.६ मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल मिळाले, मध्यम अल्कली लावलेलीत ७.८ आणि जास्त लावलेलीत ३.९. म्हणजे कोको जितका काळाभोर आणि 'चॉकलेटी' दिसतो, तितका त्यात आपल्याला हवा तो भाग कमी असण्याची शक्यता जास्त.

घरी ओळखायचं कसं? आधी घटकांची यादी वाचा. कोकोच्या पुढे 'ॲसिडिटी रेग्युलेटर' आणि 501 किंवा 500 हे आकडे असले, किंवा 'अल्कलाइज्ड' वा 'डच प्रोसेस्ड' असं लिहिलेलं असलं, तर क्षार लावलेला आहे. काहीच लिहिलेलं नसेल तर चमचाभर पावडर थोड्या गरम पाण्यात कालवा आणि चिमूटभर खायचा सोडा टाका. साधा कोको आंबट असतो, त्यामुळे बारीक बुडबुडे येतात आणि रंग गडद होतो. अल्कली लावलेला जवळपास गप्प राहतो. ही परीक्षा झाली की ते पाणी ओतून द्या. पिण्याच्या कोकोत सोडा घातला, तर तुम्हीच घरी अल्कली लावल्यासारखं होतं.

सांगलीकरांना हळदीचा विचार सुचेल, कारण क्षार लागला की हळद लाल होते. मीही करून पाहिलं. इथे तिचा उपयोग नाही. हळद लाल व्हायला क्षार जरा जास्तच लागतो आणि कोकोच्या तपकिरी रंगात उरलासुरला फरक दिसत नाही.

एक मर्यादाही आहे. सोड्याने बुडबुडे आले याचा अर्थ फ्लॅव्हनॉल भरपूर आहेत असा नाही. आंबवताना आणि भाजतानाही ते बरेच जातात. या परीक्षेने अल्कलीच तेवढी कळते. नक्की आकडा हवा असेल, तर डब्यावर फ्लॅव्हनॉलचे मिलिग्रॅम छापलेलीच पावडर लागते.

आता वहिनीच्या मगाकडे या. तिच्या डब्यात २० टक्के कोको होता, तोही अल्कली लावलेला. २४ ग्रॅम पावडरीत कोको ४.८ ग्रॅम. मध्यम अल्कलीचा आकडा धरला तरी फ्लॅव्हनॉल ३७ मिलिग्रॅमच्या आसपास. २०० गाठायचे तर असे जवळपास साडेपाच मग प्यावे लागतील आणि त्यांत नुसत्या पावडरीची साखर ९० ग्रॅमच्या वर जाईल. हा आकडा वहीत लिहिल्यावर वहिनीने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे मी आईंना साखरच पाजत होते." आईंना मधुमेहाची सीमारेषा आहे, म्हणून तिला ते जास्त लागलं.

तिसरं काम: कॅफिनची बेरीज दिवसभराची करा

कोकोत कॅफिन असतं, पण थोडं. पावडरीच्या ग्रॅममागे साधारण २.३ मिलिग्रॅम. भाचीच्या मगात ११ मिलिग्रॅम आलं. कोकोत त्याच्याहून कितीतरी जास्त थिओब्रोमिन असतं, तेही त्याच जातीचं पण मेंदूला जागं ठेवायला खूपच कमजोर. एकट्या कोकोला घाबरायचं कारण नाही, हे मी वहिनीलाही सांगितलं.

पण मूल एकटा कोको पीत नाही. भाची शाळेतून आली की साडेचारला आजीबरोबर बशीतून अर्धा कप चहा पिते. शंभर मिलिलिटर कडक चहात कॅफिन साधारण २० मिलिग्रॅम. दोन्ही मिळून ३१. तिचं वजन २२ किलो, म्हणजे किलोमागे १.४ मिलिग्रॅम. कॅनडाचं आरोग्य खातं मुलांसाठी दिवसाची मर्यादा किलोमागे २.५ मिलिग्रॅम धरतं, त्यात ती बसते. झोपेचा प्रश्न मात्र या मर्यादेच्या खूप आधी सुरू होतो. मोठ्या माणसातही झोपायच्या वेळेला किलोमागे १.४ मिलिग्रॅम घेतलं, तर झोप लागायला उशीर होऊ शकतो. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. साडेचारच्या चहातलं निम्मं साडेनऊला अंगात असतं आणि साडेआठचा मग त्याच्यावर चढतो.

मोठा धोका वेगळाच आहे: चव यावी म्हणून चॉकलेट दुधात टाकलेला इन्स्टंट कॉफीचा चमचा. एका सपाट चमच्यात साठेक मिलिग्रॅम कॅफिन असतं. २२ किलोच्या मुलीची दिवसाची मर्यादा त्या एका चमच्याने ओलांडली जाते. सुट्टीत मोठी भावंडं कोल्ड कॉफी करतात आणि धाकट्यांनाही ग्लास मिळतो. त्या रात्री अकरापर्यंत का जागलं पोर, याचं उत्तर तिथे असतं.

चौथं काम: कप नव्याने बांधा, पण हळूहळू

पोहोचायचं ठिकाण असं: दीडशे मिलिलिटर दूध, २ ग्रॅम साधा कोको म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि ४ ग्रॅम साखर म्हणजे तसाच एक सपाट चमचा. कॅफिन पाचेक मिलिग्रॅम. पाच वर्षांखालच्या मुलाला याचीही गरज नाही, त्याला साधं दूध द्या.

एकदम इथे उडी मारली तर मूल पहिल्याच घोटाला कप सरकवतं आणि घरात भांडण होतं. भाचीसाठी आम्ही चार आठवडे ठरवले. पहिल्या आठवड्यात वरची साखर बंद आणि जुनी पावडर १८ ग्रॅम, म्हणजे साखर १३ ग्रॅम. दुसऱ्यात जुनी पावडर १२ ग्रॅम आणि साधा कोको १ ग्रॅम, साखर ९ च्या आत. तिसऱ्यात जुनी ८ आणि साधा दीड, साखर सहाच्या आसपास. चौथ्यात जुना डबा बंद. मोठा मग काढून टाकला आणि स्टीलचा छोटा पेला आणला. गोडी उतरत असताना पेला भरलेला दिसला पाहिजे, मुलांना त्याचं महत्त्व असतं.

साधा कोको दुधावर तरंगतो आणि गुठळ्या होतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी 'कचकच लागतंय' अशी तक्रार येते. कोको आणि साखर पेल्यात कोरडंच एकत्र करा. दोन चमचे गरम दूध घालून चमच्याच्या पाठीने घोटा, चकचकीत लेप झाला पाहिजे. पेला कलता केला की लेप सावकाश सरकतो, त्यात कोरडा ठिपका दिसत नाही. मगच उरलेलं दूध धार धरून ओता. वेलदोड्याची पूड आणि मिठाचे दोन-चार कण घातले की कडवटपणा दबतो आणि कमी साखर गोड लागते. दाटपणा आवडत असेल तर पाव चमचा नाचणीचं पीठ थोड्या पाण्यात शिजवून त्यात दूध ओता.

केळं आणि कोको एकत्र फिरवू नका, निदान मोठ्यांच्या कपात तरी. केळं कापल्यावर ज्या विकराने काळं पडतं, तोच फ्लॅव्हनॉलही मोडतो. २०२३ मधल्या एका छोट्या प्रयोगात केळं घातलेल्या पेयातून रक्तात पोहोचलेले फ्लॅव्हनॉल ८४ टक्क्यांनी कमी भरले. मुलाच्या कपात फ्लॅव्हनॉल मोजायचेच नसल्याने तिथे केळं चालेल, आणि ते घातलं तर साखरही लागत नाही. दुधाने फ्लॅव्हनॉल अडतात का, यावर उलटसुलट निष्कर्ष आहेत. त्यासाठी मुलाचं दूध तोडू नका.

वेळ

रात्री साडेआठचा कप आम्ही संध्याकाळी साडेपाचला आणला आणि साडेचारचा चहा बंद केला. आजीला नातीशिवाय चहा गोड लागेना, म्हणून बशीत तिला गवती चहा घातलेलं गरम पाणी-दूध मिळू लागलं. बशी महत्त्वाची होती, चहापत्ती नव्हती.

वेळ बदलण्याला आणखी दोन कारणं आहेत. रात्री तोंडात लाळ कमी सुटते, म्हणून झोपण्याआधी प्यायलेली साखर दातांवर रात्रभर राहते. दात घासून झाल्यावर गोड दूध तर नकोच. दुसरं म्हणजे कोको आणि चहा दोन्ही जेवणातल्या पालेभाजी-डाळीचं लोह अंगी लागू देत नाहीत. मुलीला लोहाचं औषध चालू असेल तर कोको त्याच्यापासून निदान एक-दोन तास लांब ठेवा, जेवणाला लागून देऊ नका.

आणि कोको रोज नको, आठवड्यातून तीन-चारदा पुरे. कोकोच्या झाडाची मुळं मातीतलं कॅडमियम ओढून घेतात, पावडरीत ते थोडंफार उतरतं. लहान अंगाला त्याचा वाटा मोठा पडतो. बाकीच्या दिवशी हळदीचं दूध आहे, ते सांगलीच्या माणसाने सांगायला नको.

आजीचा कप वेगळा

आईंसाठी आम्ही दुसराच कप केला. ६ ग्रॅम साधी पावडर, म्हणजे तीन सपाट चमचे, सकाळी नाश्त्यानंतर तासाभराने, पाण्यात घोटून वर थोडं दूध, साखर शून्य. सरासरीचा आकडा धरला तर यात २०० मिलिग्रॅमच्या आसपास फ्लॅव्हनॉल होतात. पहिले तीन दिवस त्यांनी तोंड वाकडं केलं, मग दालचिनी घालून घेऊ लागल्या. बीपीची गोळी तशीच चालू आहे. दोन मिलिमीटरांच्या भरवशावर गोळी सोडायची नसते, हे त्यांच्या समोर बसून दोनदा सांगितलं. ज्यांना मुतखडा झालेला आहे त्यांनी हा कप डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये, कोकोत ऑक्झलेट बरंच असतं.

जमतंय की नाही, कसं कळेल

कॅलेंडरच्या मागे दोन रकाने आखा. एकात दिवा मालवल्याची वेळ, दुसऱ्यात झोप लागल्याची. बदलाआधीचे सात दिवस लिहिले असतील तरच नंतरच्या दिवसांना अर्थ आहे. वहिनीने तसं लिहिलं. आधी भाचीला झोपायला पाऊण-एक तास लागायचा, पाचव्या आठवड्यात वीसेक मिनिटं. यात चहाचा वाटा किती, साखरेचा किती आणि साडेआठला स्वयंपाकघरातली गडबड थांबल्याचा किती, हे मी वेगळं करून सांगू शकत नाही.

मध्ये एकदा घसरण झाली. तिसऱ्या आठवड्यात वहिनी माहेरी कऱ्हाडला गेली आणि भावाने अंदाजाने पावडर घातली. परत आल्यावर मुलीने फिका पेला नाकारला. तेव्हा दुसऱ्या आठवड्याच्या मापावर मागे जाऊन पुन्हा उतरलो. त्यानंतर वहिनीने एका जुन्या चमच्याच्या दांड्याला लाल नेलपॉलिशची खूण केली आणि तो कोकोच्या बरणीतच ठेवला. आता घरात कुणीही पेला भरला तरी त्याच चमच्याने, चाकूच्या पात्याने सपाट करून.